प्रोथ, रॉकेटचा
एंजिनातील तप्त वायू प्रोथाच्या (नॉझलच्या) अरुंद कंठात ध्वनिवेग गाठतात. पुढील घंटाकार भागात प्रसरण पावताना त्यांचा वेग वाढतो व दाब घटतो. निर्वातात बाह्य दाब नसल्याने घंटा जितकी मोठी तितका प्रणोद अधिक. मर्यादा वजनाची व जागेची. विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात बनत आलेल्या ‘विकास’ एंजिनाची घंटाही दुसऱ्या टप्प्यासाठी मोठी करतात. वरच्या टप्प्यातील सीई-२० एंजिनाच्या मुखाचे क्षेत्रफळ कंठाच्या १०० पट असून तेथील दाब सु. ५० मिलिबार, म्हणजे समुद्रसपाटीवरील दाबाचा विसावा भाग असतो. त्यामुळे जमिनीवर बाहेरची हवा घंटेत शिरते, प्रवाह भिंतीपासून असमान सुटतो आणि तीव्र कंपनांनी घंटेस इजा होऊ शकते. महेंद्रगिरी येथील २९ नोव्हेंबर २०२४ च्या चाचणीत याकरिता प्रोथसंरक्षक यंत्रणा वापरावी लागली.