फोटोतला कोन मोजू नका, पुन्हा काढा

फेब्रुवारी जवळ आला की दहावीच्या मुलांचे फोटो नातेवाइकांच्या व्हॉट्सॲपवर येऊ लागतात. हे फोटो चेहऱ्यांचे नसतात, पुस्तकाच्या पानांचे असतात. पान अर्धे उजेडात आणि अर्धे हाताच्या सावलीत, शिवणीकडचा भाग वाकलेला, मध्ये एक इमारत आणि एक मनोरा, दोन तिरप्या रेषा आणि त्यांच्याजवळ पुसट आकडे. खाली प्रश्न : ‘मामा, हे कसं सोडवायचं?’ त्रिकोणमितीतल्या उंची आणि अंतराच्या गणितात आकडेमोड फारशी नसतेच. मूल अडते ते आकृतीपाशी, आणि आकृतीचा फोटो आला की ते अडणे वाढते. म्हणून एकच उदाहरण घेऊन ते शेवटपर्यंत पाहू.

गणित असे आहे. 12 मीटर उंच इमारतीच्या गच्चीवरून समोरच्या मनोऱ्याच्या टोकाकडे पाहताना 45° मापाचा उन्नत कोन होतो आणि मनोऱ्याच्या पायाकडे पाहताना 30° मापाचा अवनत कोन होतो. मनोऱ्याची उंची काढायची आहे. आकृतीत इमारत AB आहे, A वर आणि B जमिनीवर. मनोरा CD आहे, C पायाशी आणि D टोकाला. A पासून D कडे आणि C कडे दोन दृष्टिरेषा गेल्या आहेत. फोटोत 45 चा 5 फिसकटला आहे, तो शून्यही वाटतो. 30° हा आकडा AC रेषेच्या खालच्या बाजूला, भिंतीजवळच्या मोकळ्या जागेत छापला आहे. कोन दाखवणारा छोटा कंस मात्र दिसतच नाही.

अशा वेळी मुले एक उपाय हमखास करतात. फोटो मोठा करतात आणि पडद्यावरच कोनमापक ठेवतात. हे का करू नये ते नीट समजून घेतले पाहिजे. फोन पानाच्या बरोबर वर, पानाला समांतर धरला तरच फोटोतले कोन पानावरच्या कोनांइतके येतात. टेबलावरचे पुस्तक खुर्चीत बसून टिपले तर फोन सहज 40 अंश कललेला असतो. त्यामुळे आकृतीची उंची आखडते, रुंदी तशीच राहते. 40 अंशांच्या कलाने उंची साधारण 77 टक्के उरते. मग पानावरचा 45 अंशांचा कोन फोटोत सुमारे साडेसदतीस दिसतो, 60 चा 53 आणि 30 चा 24. म्हणजे पुसट झालेला आकडा 45 की 40 हे ठरवायला फोटो मोजला, तर माप चाळीसच्या बाजूने कौल देते. साठाचा आकडा पुसला असेल तर मूल पन्नास धरून बसते. मोजणी नीट केलेली असते, पण ती चुकीच्या वस्तूची असते.

इथे एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. फोटोतल्या त्रिकोणाचे तिन्ही कोन मोजून बेरीज केली तर ती 180 च येते. फोटोत सरळ रेषा सरळच राहतात, त्यामुळे त्रिकोण त्रिकोणच राहतो आणि कुठल्याही त्रिकोणाची बेरीज तीच असते. म्हणून ‘बेरीज जमली, म्हणजे कोन बरोबर’ हा निष्कर्ष फोटोवर चालत नाही. बिघाड ओळखायचा तर पानाच्या कडा पाहाव्यात. समोरासमोरच्या कडा एकमेकींकडे झुकलेल्या दिसल्या, किंवा पानाचा कोपरा काटकोनात दिसला नाही, तर आतली सगळी मापे बिघडली आहेत असे धरावे. कागदपत्रे स्कॅन करणारी ॲप पानाचे चार कोपरे ओळखून हा तिरपेपणा बराच काढून टाकतात, पण शिवणीजवळचा बाक त्यांनी पूर्ण जात नाही. शिवाय छापील आकृती मुळातच प्रमाणात काढलेली असेल याची खात्री नसते. स्तंभाच्या रुंदीत बसावी म्हणून ती दाबलेली किंवा ताणलेली असू शकते.

तरीही फोटो निरुपयोगी नाही. कोणता बिंदू कोणाला जोडला आहे, कोणती रेषा जमिनीची आणि कोणती उभी, काटकोनाची खूण कुठे आहे, अक्षरे कोणती आहेत, हे सगळे तिरप्या फोटोतही खरेच राहते. तेवढेच तिथून घ्यावे. मापे घ्यायची ती शब्दांतल्या विधानातून. आकृतीतला आकडा पुसला असला तरी ‘45° मापाचा उन्नत कोन’ हे वाक्य बहुधा नीट वाचता येते. तेही अर्धवट आले असेल, तर उत्तरात √3 सारखी करणी संख्या आहे का ते पाहावे. शालेय गणितांत 30, 45 आणि 60 अंशच पुन्हा पुन्हा येतात, कारण त्यांची गुणोत्तरे कोष्टकाशिवाय लिहिता येतात. 40 अंश असता तर tan ची किंमत वेगळी द्यावी लागली असती.

आता कोरा कागद घ्या. 1 सेंटिमीटर म्हणजे 4 मीटर असे प्रमाण धरू. आधी जमिनीची आडवी रेषा. तिच्या डाव्या टोकाला B, तिथून 3 सेंटिमीटर उंच उभी रेषा, वर A. यापुढची पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे, आणि छापील आकृतीत नेमकी तीच गाळलेली असते : A मधून जमिनीला समांतर अशी तुटक रेषा. पाहणाऱ्याच्या डोळ्यासमोरची ही आडवी रेषा आहे. उन्नत कोन असो वा अवनत, दोन्ही हिच्यापासूनच मोजायचे असतात. उन्नत कोन हिच्या वर, अवनत कोन हिच्या खाली. भिंतीपासून यांतला एकही मोजत नाहीत.

त्या तुटक रेषेपासून खाली 30 अंशांची रेषा काढली की ती जमिनीला जिथे मिळते तो C. मग C वर उभा लंब. A पासून तुटक रेषेच्या वर 45 अंशांची रेषा काढली की ती त्या लंबाला D मध्ये छेदते. तुटक रेषा लंबाला छेदते त्या बिंदूला E म्हणू. E हे अक्षर पुस्तकातल्या आकृतीत नव्हते, आणि गणित सुटते ते याच बिंदूमुळे, कारण मनोऱ्याचे आता दोन तुकडे झाले. खालचा CE हा इमारतीच्या उंचीइतका, म्हणजे 12 मीटर. वरचा DE काढायचा राहिला.

तुटक रेषा आणि जमीन समांतर आहेत, AC ही त्यांची छेदिका. म्हणून A पाशी असलेला 30 अंशांचा अवनत कोन आणि C पाशी जमिनीवर होणारा कोन ACB हे व्युत्क्रम कोन झाले आणि समान झाले. त्रिकोण ABC मध्ये B काटकोन, C 30 अंश, म्हणून भिंत आणि दृष्टिरेषा यांच्यातला कोन 60 अंश. फोटोत 30 हा आकडा याच कोनात छापल्यासारखा दिसत होता.

tan 30° = AB / BC, म्हणजे 1/√3 = 12 / BC, म्हणून BC = 12√3. √3 साठी 1.73 घेतले तर हे अंतर 20.76 मीटर. वरच्या त्रिकोण AED मध्ये कोन 45 अंश, म्हणून DE = AE = BC = 12√3. मनोऱ्याची उंची CD = 12 + 12√3, म्हणजे 32.76 मीटर.

आकडा भिंतीच्या बाजूचा धरला असता तर काय झाले असते? मग BC = 12 tan 30° = 4√3, म्हणजे 6.92 मीटर, आणि मनोरा 18.92 मीटरचा. कागदावर या उत्तरात काही खटकत नाही. पायऱ्या व्यवस्थित, करणी संख्याही आहे. पण गच्चीवर उभे राहून विचार करा. आपण 12 मीटर उंचीवर आहोत आणि मनोऱ्याचा पाया सातच मीटरवर आहे, तर तो पाहायला मान चांगलीच खाली घालावी लागेल, 60 अंश. आणि गणित सांगते की नजर आडव्या रेषेपासून 30 अंशच खाली गेली. अवनत कोन 45 पेक्षा कमी असेल तर अंतर उंचीपेक्षा जास्तच असले पाहिजे. ही एक तपासणी केली तरी अवनत कोनाची चूक पकडली जाते, आणि माझ्या पाहण्यात मुलांची सर्वाधिक चूक तीच असते.

कोनांची तपासणी नव्या आकृतीवर करावी. मोठ्या त्रिकोण ACD मध्ये A पाशी 45 आणि 30 मिळून 75 अंश. D पाशी 45. C पाशी मनोरा आणि दृष्टिरेषा यांच्यात 90 वजा 30, म्हणजे 60. बेरीज 180. फोटोवरच्या बेरजेत आणि या बेरजेत फरक आहे : तिथे मापे त्याच त्रिकोणातून घेतली होती, त्यामुळे बेरीज जमणारच होती. इथे प्रत्येक कोन वेगळ्या कारणाने मिळाला आहे, तेव्हा एकही चुकीच्या जागी बसला असता तर बेरीज मोडली असती. बाजूंसाठी पायथागोरसचे प्रमेय घ्या : 12 चा वर्ग 144, 12√3 चा वर्ग 432, बेरीज 576, म्हणून AC बरोबर 24 मीटर. 30 अंशांसमोरची बाजू कर्णाच्या निम्मी असते, आणि 12 ही 24 ची निम्मी आहेच.

आता पट्टी लावा. प्रमाणात काढलेल्या आकृतीत BC साधारण 5.2 आणि CD साधारण 8.2 सेंटिमीटर भरते. चारने गुणले तर 20.8 आणि 32.8 मीटर. कोनमापक एका अंशाने हलला तर BC मध्ये दोनेक मिलिमीटरचा फरक पडतो, तेवढा चालेल. पण पट्टीवर CD 4.7 च्या आसपास आली, तर कोन भिंतीपासून काढला गेला आहे असे समजावे.

एक मर्यादाही सांगायला हवी. गणितात ‘गच्चीवरून’ म्हटले की पाहणाऱ्याचा डोळा गच्चीच्या पातळीवर आहे असे धरतात. प्रत्यक्षात डोळा दीड मीटर वर असेल आणि कोन हेच आले असतील, तर 12 च्या जागी 13.5 येतात आणि मनोरा जवळजवळ 36.9 मीटरचा निघतो. दीड मीटरचा फरक उत्तरात चार मीटरचा होतो. विधानात पाहणाऱ्याची उंची दिली असेल तर ती धरलीच पाहिजे, आणि दिली नसेल तर मनाने घालायची नाही.

पुढच्या वेळी मुलाला फोटो पाठवायला सांगाल तेव्हा फोन पानाला समांतर धरायला, चारही कोपरे चौकटीत घ्यायला आणि गणिताचे विधान शब्दशः टाइप करायला सांगा. आणि उत्तर पाठवण्याआधी वहीत स्वतः काढलेली आकृती मागवा, डोळ्यासमोरच्या तुटक रेषेसकट.