दोन सौम्य आम्ले, एक पीएच

मुंगीच्या डंखात असते ते फॉर्मिक आम्ल आणि व्हिनेगरला आंबटपणा देते ते ॲसेटिक आम्ल, ही दोन्ही सौम्य आम्ले आहेत. पाण्यात मिसळल्यावर त्यांच्या रेणूंपैकी थोडेच रेणू तुटून हायड्रोजन आयन देतात. किती तुटतात, हे प्रत्येक आम्लाच्या विचरण स्थिरांकावरून कळते. हा आकडा फॉर्मिक आम्लासाठी सुमारे ०.०००१८ आहे आणि ॲसेटिक आम्लासाठी त्याच्या दहावा हिस्सा, म्हणजे ०.००००१८. दोन्ही एकाच भांड्यात आली तर द्रावणाचा पीएच किती?

दोन्ही आम्ले ०.१ मोलार आहेत असे समजू. एकटे फॉर्मिक आम्ल असते तर हायड्रोजन आयनांची संहती ०.००४२४ मोलार आणि पीएच २.३७ आला असता. एकट्या ॲसेटिक आम्लाची संहती ०.००१३४ मोलार आणि पीएच २.८७. साहजिकच मनात येते की या दोन संहतींची बेरीज करावी. ती ०.००५५८ होते आणि पीएच २.२५ निघतो. हे उत्तर चुकीचे आहे आणि विद्यार्थ्यांच्या वह्यांत ते हमखास सापडते.

चूक बेरजेत नाही, ती त्यामागच्या समजुतीत आहे. हायड्रोजन आयनांवर ‘हा फॉर्मिकचा, हा ॲसेटिकचा’ असा शिक्का नसतो. द्रावणात त्यांचा एकच साठा असतो आणि दोन्ही आम्लांचा समतोल त्याच साठ्याशी बांधलेला असतो. फॉर्मिक आम्लाने सोडलेल्या आयनांमुळे ॲसेटिक आम्लाचे विचरण मागे रेटले जाते, आणि थोड्या प्रमाणात उलटही घडते. यालाच समआयन परिणाम म्हणतात. एकटे असताना ॲसेटिक आम्लाचे शंभरातले सव्वापेक्षा थोडे अधिक रेणू तुटतात; मिश्रणात ते प्रमाण जेमतेम ०.४ टक्क्यांवर येते.

बरोबर उत्तर काढायचे तर विद्युतभारांचा हिशेब मांडावा लागतो. द्रावण उदासीन असते, म्हणून हायड्रोजन आयनांची संहती ही फॉर्मेट आणि ॲसिटेट आयनांच्या एकत्रित संहतीइतकी असली पाहिजे. आम्लाचा फारच थोडा भाग तुटला असल्याने न तुटलेल्या आम्लाची संहती मूळ संहतीइतकीच धरता येते. मग फॉर्मेटची संहती म्हणजे फॉर्मिकचा स्थिरांक गुणिले त्याची संहती, भागिले हायड्रोजन आयनांची संहती. ॲसिटेटचेही तसेच. दोन्ही बाजूंना हायड्रोजन आयनांच्या संहतीने गुणले की उरते ते असे:

[H⁺]² = K₁C₁ + K₂C₂

K म्हणजे विचरण स्थिरांक आणि C म्हणजे संहती. पाण्याचा स्वतःचा वाटा इथे इतका नगण्य आहे की तो सोडला आहे. आयनांच्या संहतींची बेरीज चालत नाही, पण त्यांच्या वर्गांची चालते, हेच या सूत्राचे मर्म. वरच्या उदाहरणात फॉर्मिकचा गुणाकार ०.००००१८ आणि ॲसेटिकचा ०.०००००१८. बेरीज ०.००००१९८, तिचे वर्गमूळ ०.००४४५, आणि पीएच २.३५. एकट्या फॉर्मिकचा पीएच २.३७ होता. ॲसेटिक आम्लाने एवढी धडपड करून फरक पाडला तो ०.०२ चा.

म्हणून या मिश्रणात ॲसेटिक आम्ल सोडून दिले तरी फारसे बिघडत नाही. मात्र त्याचा स्थिरांक दहापट लहान आहे, एवढेच कारण त्यासाठी पुरेसे नाही. सूत्रात स्थिरांक कधीच एकटा येत नाही, तो संहतीचा हात धरून येतो. तुलना करायची ती दोन गुणाकारांची. ॲसेटिक आम्ल ०.१ ऐवजी १ मोलार घेतले की दोन्ही गुणाकार सारखे होतात, पीएच २.२२ येतो आणि ॲसेटिक वगळल्यास ०.१५ ची चूक होते. पुढे जाऊन १ मोलार ॲसेटिक आम्लात ०.०१ मोलार फॉर्मिक आम्ल घातले, तर वगळण्याजोगे आम्ल फॉर्मिक ठरते! तिथे पीएच ठरवते ते ॲसेटिक, आणि ‘सौम्य ते सोडा’ असा नियम पाठ केलेला माणूस २.३५ ऐवजी २.८७ लिहून मोकळा होतो.

किती लहान गुणाकार सोडायचा, हे पीएच किती अचूक हवा यावर अवलंबून आहे. लहान गुणाकार मोठ्याच्या दहाव्या हिस्स्याइतका असेल तर पीएच ०.०२ ने चुकतो. विसाव्या हिस्स्याइतका असेल तर ०.०१ ने. प्रयोगशाळेतला नेहमीचा पीएच मीटर याहून बारीक फरक भरवशाने दाखवत नाही आणि पुस्तकांतले स्थिरांकही एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत. त्यामुळे विसाव्या हिस्स्याच्या खालचे आम्ल निर्धास्त सोडावे. दहावा हिस्सा असेल तर पीएच कशासाठी काढायचा आहे ते पाहून ठरवावे.

या सगळ्याला एक अट आहे: न तुटलेल्या आम्लाची संहती मूळ संहतीइतकी धरणे योग्य असले पाहिजे. ते तपासायला उत्तर आल्यावर हायड्रोजन आयनांची संहती मोठ्या स्थिरांकाशी ताडून पाहावी. ती निदान वीसपट असली तर अट पाळली गेली. पहिल्या उदाहरणात ०.००४४५ ही ०.०००१८ च्या सुमारे पंचवीसपट आहे, म्हणजे ठीक.

आता तेच मिश्रण शंभरपट विरळ केले, दोन्ही आम्ले ०.००१ मोलार. सोपे सूत्र ०.०००४४५, म्हणजे पीएच ३.३५ देते. पण ही संहती फॉर्मिकच्या स्थिरांकाच्या अडीच पटही नीट भरत नाही. अशा वेळी प्रत्येक गुणाकाराला (१ + त्याचा स्थिरांक ÷ हायड्रोजन आयनांची संहती) याने भागायचे, बेरजेचे वर्गमूळ काढायचे आणि आलेला आकडा पुन्हा त्याच भागाकारात घालायचा. फॉर्मिकचा गुणाकार पहिल्या फेरीत १.४० ने भागला जातो, ॲसेटिकचा फक्त १.०४ ने, आणि संहती ०.०००३८१ वर येते. पुढच्या फेरीत ०.०००३७३, त्यानंतर ०.०००३७२. आकडा तिथेच स्थिरावतो, पीएच ३.४३.

एकटे फॉर्मिक आम्ल याच संहतीत ३.४६ पीएच देते. म्हणजे ॲसेटिकचा परिणाम ०.०२ वरून ०.०३ च्या थोडा वर गेला. गुणाकारांचे प्रमाण दहास एक असेच असूनही हे घडले, कारण विरळ द्रावणात फॉर्मिक आम्लाचा तिसऱ्या हिस्स्याएवढा भाग आधीच तुटून गेलेला असतो. त्याच्याजवळ द्यायला उरलेले कमी, तर ॲसेटिकची गंगाजळी जवळजवळ शाबूत. द्रावण जसजसे विरळ होते तसतसे दुबळ्या आम्लाला वगळणे महाग पडत जाते.

वगळणे हे फक्त पीएचच्या आकड्यापुरतेच असते. पहिल्या मिश्रणाचे १० मिलिलिटर घेऊन ०.१ मोलार सोडियम हायड्रॉक्साइडने अनुमापन केले, तर १० नव्हे, २० मिलिलिटर अल्कली लागते. जो अल्कली पडत जातो तो ॲसेटिकचा प्रत्येक रेणूही खातो, मग तो आधी तुटलेला असो वा नसो. १० मिलिलिटर पडल्यावर, जिथे फॉर्मिक एकटे असते तर संपले असते, तिथे पीएच दोन्ही आम्लांच्या स्थिरांकांच्या बरोबर मध्यावर, सुमारे ४.२४ असतो. त्या ठिकाणी ॲसेटिक आम्ल नाही असे धरून पीएच काढायला गेले तर उत्तर कुठल्या कुठे जाते.