‘फूल’ पडलं की ‘पूल’?

मागच्या वर्षी सिनॉप्सिसच्या मसुद्यात मी एक वाक्य लिहिलं होतं: ‘अफवेमुळे घबराट पसरली आणि चेंगराचेंगरी झाली.’ गाईडनी त्याच्याखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि विचारलं, “हे कारण आहे की नुसतं वर्णन?” मला उत्तर देता आलं नाही. त्यानंतरचे दोन-तीन महिने मी जे वाचलं, त्यातला कामाचा भाग इथे सांगतो. सामूहिक वर्तनावर काम करायचा विचार असेल तर या वाक्यात तुम्हीही एकदा तरी अडकाल.

घटना सगळ्यांना माहीत आहे. २९ सप्टेंबर २०१७, शुक्रवार, दसऱ्याचा आदला दिवस. मुंबईत सकाळी साडेदहाच्या सुमारास एल्फिन्स्टन रोड (आताचं प्रभादेवी) आणि परळ या स्टेशनांना जोडणाऱ्या अरुंद पादचारी पुलावर चेंगराचेंगरी झाली आणि २३ माणसं गेली. रेल्वेच्या चौकशीत एका जखमी विद्यार्थिनीची जबानी आली. तिच्या म्हणण्यानुसार फुलं नेणारा एक जण ‘फूल गिर गया’ असं ओरडला, लोकांनी ते ‘पूल गिर गया’ असं ऐकलं आणि धावपळ सुरू झाली.

ही जबानी वर्तमानपत्रांना आवडली, कारण गोष्ट एका अक्षरात संपते. ‘पू’चा ‘फू’ झाला असता तर माणसं वाचली असती, असं वाटायला लागतं. आणि नकळत आपण असंही म्हणून बसतो की लोक वेडे झाले, एकमेकांना तुडवत सुटले, म्हणजे एका अर्थी मेलेल्यांनीच एकमेकांना मारलं. फ्रेंच लेखक गुस्ताव ल बाँ याने १८९५ साली गर्दीवर पुस्तक लिहिलं, तेव्हापासून ही समजूत चालत आली आहे: गर्दीत शिरला की माणसाची बुद्धी गळून पडते आणि तो कळपातला प्राणी होतो. समाजशास्त्र या समजुतीशी भांडतं ते माणसाबद्दलच्या कणवेपोटी नाही, तर ती पुराव्यावर टिकत नाही म्हणून.

आधी अफवेचं बघू. ‘पूल पडला’ हे वाक्य लोकांनी खरं का मानलं? त्याच जागी कोणी ‘हत्ती आला’ असं ओरडलं असतं, तर लोकांनी वर मान करून बघितलं असतं आणि हसले असते. पूल पडणं मात्र २०१७ च्या मुंबईकराला अजिबात अशक्य वाटत नव्हतं. वर्षभरापूर्वीच, २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री, महाडजवळचा सावित्री नदीवरचा पूल वाहून गेला होता. बरोबर महिन्यापूर्वी, २९ ऑगस्टला, शहर पाण्यात गेलं होतं आणि दोनच दिवसांनी भेंडी बाजारातली हुसैनी इमारत कोसळली होती. शिवाय हा पूल अपुरा आहे हे रोज त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाच्या खांद्यांना ठाऊक होतं. त्या क्षणी लोकांच्या डोक्यात नेमकं काय होतं हे सिद्ध करता येणार नाही, हे मी मान्य करतो. पण अफवा पटते ती सगळ्यांकडे आधीपासून असलेल्या माहितीच्या जोरावर, एवढा मुद्दा त्यातून निघतो.

हा मुद्दा भारतातल्याच एका जुन्या अभ्यासात स्पष्ट दिसतो. १५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये मोठा भूकंप झाला. त्यानंतर जमुना प्रसाद या मानसशास्त्रज्ञाने लोकांत फिरणाऱ्या अफवा गोळा केल्या. गंगेचं पाणी क्षणभर नाहीसं झालं आणि स्नान करणारे वाळूत रुतले; अमुक तारखेला पाटण्यावर वादळ येणार; चंद्रग्रहणाच्या दिवशी पुन्हा भूकंप होणार; फेब्रुवारीच्या शेवटी प्रलय. आता यातले शब्द बघा: गंगा, ग्रहण, प्रलय. भीती प्रत्येकाच्या मनात वेगळी असेल, पण तिला आकार देणारं सामान सामायिक होतं. लंडनमध्ये धरणी हलली असती तर ग्रहणाच्या दिवसाची वाट कोणी बघितली नसती.

पुढे १९५० साली दार्जिलिंगला दरडी कोसळल्या तेव्हा दुर्गानंद सिन्हा यांनी तसाच अभ्यास केला. तिथे मात्र येऊ घातलेल्या आणखी मोठ्या संकटाच्या अफवा फारशा आढळल्या नाहीत. फरक असा की प्रसाद यांच्या अफवा भूकंपाचे धक्के बसले पण मोठी हानी झाली नाही अशा भागातल्या होत्या, तर दार्जिलिंगच्या लोकांनी विध्वंस डोळ्यांसमोर बघितला होता. लिऑन फेस्टिंगरने १९५७ मध्ये या दोन अभ्यासांची तुलना करून म्हटलं की पहिल्या ठिकाणी भीती होती पण तिला समोर दिसणारं कारण नव्हतं, म्हणून लोकांनी कारण तयार केलं. हे मानसशास्त्राचं उत्तर झालं. समाजशास्त्र पुढचा प्रश्न विचारतं: कारण तयार करताना लोक एकमेकांशी काय बोलत होते?

तामोत्सु शिबुतानी हा जपानी वंशाचा अमेरिकन समाजशास्त्रज्ञ. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या अमेरिकनांना छावण्यांत डांबलं, त्यात तो स्वतः होता. तिथे अधिकृत माहिती तुटपुंजी आणि प्रश्न जिवाचे: कुठे नेणार, किती दिवस ठेवणार. १९६६ च्या त्याच्या पुस्तकाचा गाभा असा की अफवा म्हणजे बिघडलेली बातमी नव्हे. खात्रीची बातमी मिळत नाही तेव्हा लोकांनी मिळून, हाताशी असलेल्या तुकड्यांतून जुळवलेली ती कामचलाऊ बातमी असते. एल्फिन्स्टनच्या जिन्यावर ही प्रक्रिया काही सेकंदांत आटोपली असणार. समोर काय चाललंय ते दिसत नाही, कोणी अधिकाराने सांगत नाही, गर्दी पुढे का सरकत नाही कळत नाही, आणि एक शब्द कानावर येतो.

आता घबराटीकडे येऊ. इथे माझं स्वतःचं मत सगळ्यात जास्त बदललं.

३ डिसेंबर १९७९ ला अमेरिकेत सिनसिनाटी शहरात ‘द हू’ या रॉक बँडच्या कार्यक्रमाआधी सभागृहाबाहेर ११ जण गुदमरून मेले. बहुतेक तिकिटांवर जागेचा नंबर नव्हता. जो आधी आत जाईल त्याला पुढची जागा. हजारो लोक थंडीत तासन्‌तास उभे होते आणि दारं उघडली ती मोजकीच. आतून संगीताचा आवाज आला तेव्हा बाहेरच्यांना कार्यक्रम सुरू झाल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी ‘तरुण पोरं बेभान होऊन प्रेतं तुडवत गेली’ अशा थाटाची चर्चा सुरू झाली. त्याच शहरातल्या विद्यापीठातल्या नॉरिस जॉन्सन या समाजशास्त्रज्ञाने पोलिसांनी नोंदवलेल्या जबान्या घेतल्या आणि एकच गोष्ट तपासली: लोकांनी त्या गर्दीत एकमेकांशी नक्की काय केलं?

१९८७ साली छापलेल्या त्याच्या लेखात दिसतं ते असं. जबान्यांमध्ये मदतीचे उल्लेख भरपूर आहेत: पडलेल्याला उचलणं, कोणाला तरी डोक्यावरून बाजूला सरकवणं, अनोळखी माणसाला धरून ठेवणं. मदत देणाऱ्यांत पुरुष आणि घेणाऱ्यांत बायका जास्त, म्हणजे रोजच्या आयुष्यातले स्त्री-पुरुष वागण्याचे संकेत श्वास कोंडत असतानाही सुटले नव्हते. सोबत आलेले एकमेकांना शोधत होते. मदत थांबली ती माणूस निष्ठुर झाला म्हणून नव्हे. हात हलवणंच अशक्य झालं तिथे ती थांबली.

हे शेवटचं वाक्य नीट कळायला थोडं शरीराचं गणित लागतं. गर्दीच्या दुर्घटनांचा अभ्यास करणाऱ्या जॉन फ्रुइनने नोंदवलंय की एका चौरस मीटरमध्ये साधारण सात माणसं झाली की गर्दी द्रवासारखी वागू लागते. धक्क्याच्या लाटा तिच्यातून फिरतात, माणूस स्वतःच्या पायांनी चालत नाही, वाहून नेला जातो. बहुतेक मृत्यू तुडवल्याने होत नाहीत. छाती दाबली जाते, श्वास घेता येत नाही, आणि कित्येकदा माणूस उभ्याउभ्याच जातो. मागच्याला पुढचं काहीच कळत नाही, त्याला फक्त रांग अडलेली दिसते, म्हणून तो थोडं रेटतो. रोज लोकलमध्ये चढताना आपण जेवढं रेटतो तेवढंच. अशी शंभर माणसांची थोडी-थोडी रेटारेटी पुढे एकाच्या बरगड्यांवर येते.

हे घेऊन पुन्हा परळच्या जिन्यावर या. चौकशीप्रमाणे अचानक जोराचा पाऊस आला, लोक भिजू नये म्हणून पुलावर आणि जिन्यावर थांबले, आणि मागून गाड्यांतून उतरलेले लोक येतच राहिले. यात वेडेपणा कुठे आहे? ऑफिसला ओल्या कपड्यांनी जायचं नाही, हे शहाणपण. मस्टरची वेळ गाठायची, हेही शहाणपणच. या भागातल्या गिरण्या जाऊन तिथे कार्यालयं आली, त्यामुळे ठरलेल्या वेळी हजारो माणसं त्याच जिन्यावर येतात, हा तर शहराच्या रचनेचा भाग. म्हणजे शब्द चुकीचा ऐकू आला त्याच्या आधीच जिना भरलेला होता. आणि पूल पडतोय असं समजल्यावर खाली उतरायला बघणं ही त्या माहितीवर घेतलेली अगदी सरळ कृती आहे. मोकळ्या, रुंद पुलावर त्याच आरोळीने थोडी पळापळ झाली असती आणि लोक खाली जाऊन वर बघत उभे राहिले असते, असं मला वाटतं.

माझ्या वाक्यातली चूक इथे होती. ‘घबराट’ हा शब्द मी कारण म्हणून वापरला, पण त्याचा पुरावा काय, तर चेंगराचेंगरी झाली हाच. परिणाम बघून कारणाला नाव द्यायचं आणि मग त्याच नावाने परिणाम समजावून सांगायचा. असं वर्तुळ व्हायव्हात दोन मिनिटं टिकणार नाही. घबराट होती असं म्हणायचं असेल तर वेगळ्या खुणा दाखवाव्या लागतील: दाबाच्या आधी पळापळ सुरू झाली का, लोकांनी सोबतच्यांना सोडलं का, मदत करणं शक्य असताना टाळलं का.

जॉन्सनच्या पद्धतीलाही मर्यादा आहेत, त्या लपवू नका. जबानी देतो तो वाचलेला असतो. पोलिसांसमोर ‘मी एकाला ढकललं’ असं सहसा कोणी सांगत नाही, ‘मी एकाला उचललं’ हे सांगतो. म्हणून मी स्वतःच्या मदतीचे उल्लेख आणि दुसऱ्याने केलेल्या मदतीचे उल्लेख वेगळे मोजतो. दुसऱ्या प्रकारात फुशारकीला वाव कमी असतो. आणि फूल-पूलचा किस्सा एका जबानीतून आला आहे, हे विसरून चालत नाही. गडबडीनंतर लोक घडलेल्या गोष्टीला अर्थ लावत असतात, तेव्हा तो किस्साही शिबुतानीच्या अर्थाने जुळवलेली बातमी असू शकतो. सध्या माझ्या तक्त्यात तो ‘ऐकलेलं’ या रकान्यात आहे. ‘कारण’ या रकान्यात पाऊस, जिन्याची रुंदी आणि लागोपाठ आलेल्या गाड्या लिहिल्या आहेत, आणि गाईडनी त्यावर अजून पेन्सिल चालवलेली नाही.