भाजीच्या ट्रेखालचं तळं

फ्रॉस्ट-फ्री फ्रीजच्या भाजीच्या ट्रेखाली पाणी साचतं आणि फ्रीझरच्या तळाशी बर्फाचा पातळ थर दिसतो. ही दोन्ही लक्षणं एकत्र आली, तर बहुधा निचऱ्याचं भोक तुंबलेलं असतं.

थंडावा देणाऱ्या कॉइलवरचा बर्फ हीटर ठरावीक वेळाने वितळवतो. ते पाणी भोकातून, नळीवाटे कॉम्प्रेसरवरच्या ट्रेमध्ये उतरतं आणि तिथल्या उष्णतेने उडून जातं. भोकात बर्फ किंवा कचरा अडकला, की पाणी आत उतरतं.

आधी प्लग काढावा आणि दार रात्रभर उघडं ठेवावं. मग फ्रीझरचं मागचं पॅनल उघडून सुईविना सिरिंजने भोकात कोमट पाणी सोडावं. सुरी मात्र मुळीच घालू नये, कॉइल फुटते. पाणी मागच्या ट्रेमध्ये पडलं, म्हणजे वाट मोकळी झाली.

काही आठवड्यांत भोक पुन्हा गोठलं, तर हीटर तपासून घ्यावा. पाणी फक्त फ्रीजखालीच असेल, तर आधी तो ट्रे तडकलाय का ते पाहावं.