एकोणसाठच का?

अणुभट्टीला थंड पाण्याचा पुरवठा करणारी मोठी नळी फुटली, तर इंधनकांड्यांवरचे झिरकोनियमचे आवरण किती तापेल? अमेरिकेच्या नियमानुसार हे तापमान १२०४ अंश सेल्सिअसच्या वर जाता कामा नये, कारण त्या उष्णतेत वाफ आणि झिरकोनियम यांची प्रक्रिया वेगाने होते आणि हायड्रोजन तयार होतो. खरी नळी फोडून पाहणे शक्य नसते. म्हणून अपघात संगणकावर घडवतात, आणि तो बहुधा ५९ वेळा घडवतात.

एकदाच घडवून भागत नाही. पंपाचा दाब, इंधनाची उष्णतावहनाची क्षमता, फुटीतून वाहणाऱ्या पाण्याचा वेग, अशा कित्येक गोष्टी नेमक्या ठाऊक नसतात. प्रत्येक फेरीत या साऱ्यांच्या किमती त्यांच्या शक्य पल्ल्यातून यदृच्छेने उचलतात आणि शेवटी कमाल तापमानाचा एक आकडा मिळतो. या आकड्यांचा आलेख घंटेच्या आकाराचा असेल याची काहीच खात्री नसते. तो एका बाजूला ओढलेला असेल, कदाचित दोन उंचवट्यांचाही असेल. त्यामुळे सरासरी आणि प्रमाण विचलन यांवरून मर्यादा काढणे धोक्याचे ठरते.

प्रिन्स्टनचे संख्याशास्त्रज्ञ सॅम्युएल विल्क्स यांनी १९४१ साली यातून वाट काढली. आलेखाचा आकार विचारातच घ्यायचा नाही. फेऱ्यांमधला सर्वांत मोठा आकडा घ्यायचा आणि तीच मर्यादा मानायची. प्रश्न एवढाच उरतो की हा आकडा पुरेसा मोठा आहे यावर विश्वास ठेवायला किती फेऱ्या हव्यात.

समजा, शक्य असलेल्या सगळ्या अपघातांपैकी ९५ टक्के ज्या तापमानाच्या खाली राहतात, त्या तापमानावर मनात एक रेघ ओढली. ती कुठे आहे हे आपल्याला माहीत नाही. पण एक फेरी तिच्या खाली राहण्याची शक्यता ०.९५ आहे, मग आलेख कसाही असो. दोन्ही फेऱ्या खाली राहण्याची शक्यता ०.९५ गुणिले ०.९५. चौदा फेऱ्यांनंतरही सगळ्याच रेघेखाली राहण्याची शक्यता जवळपास निम्मी असते. ५८ फेऱ्यांना ती ५.१ टक्के होते आणि ५९ फेऱ्यांना ४.८५ टक्के. म्हणजे ५९ व्या फेरीला ती प्रथमच पाच टक्क्यांच्या आत येते. आता ९५ टक्के भरवशाने म्हणता येते की सर्वांत मोठा आकडा रेघेच्या वर आहे, म्हणजेच त्याच्या खाली किमान ९५ टक्के अपघात येतात. दोन्ही ठिकाणी ९५ आले तरी ते वेगळे आहेत. एक सांगतो किती अपघात झाकले गेले, दुसरा सांगतो त्या झाकण्यावर किती भरवसा ठेवायचा. झाकायचा वाटा ९९ टक्के केला, तर त्याच भरवशासाठी २९९ फेऱ्या लागतात.

मला यातली सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते ती ही, की अनिश्चित गोष्टी दहा असोत वा शंभर, फेऱ्यांची संख्या बदलत नाही. हिशेब केवळ शेवटच्या आकड्याशी जोडलेला आहे.

या साधेपणाची किंमतही आहे. ५९ मधला सर्वांत मोठा आकडा फार डगमगतो. तो ९९ टक्क्यांच्या रेघेच्याही वर जाण्याची शक्यता सुमारे ४५ टक्के असते, आणि मग सुरक्षित भट्टीही विनाकारण मर्यादेजवळ दिसते. त्यावर उपाय म्हणजे ९३ फेऱ्या करून दुसऱ्या क्रमांकाचा आकडा घेणे. भरवसा तोच राहतो, पण ९९ च्या रेघेपलीकडे जाण्याची शक्यता २४ टक्क्यांवर येते. संगणकाचा वेळ परवडत असेल तर ५९ वर थांबू नये, असे माझे मत आहे.

मात्र ९३ चा निर्णय आधीच घ्यावा लागतो. समजा, ५९ फेऱ्यांत सर्वांत मोठा आकडा १२१५ निघाला, म्हणून नव्याने ५९ फेऱ्या केल्या आणि या वेळी ११४० मिळाला. तो बरा आकडा अहवालात घातला, तर फसगत होते. दोनपैकी लहान निवडायची मुभा घेतल्यावर चुकण्याची शक्यता ४.८५ वरून साडेनऊ टक्क्यांच्या आसपास जाते. कागदावरचा ९५ टक्के भरवसा प्रत्यक्षात साडेनव्वदचा होतो, आणि अहवाल वाचणाऱ्याला ते कळायला मार्ग नसतो. म्हणून परीक्षकाने पहिल्यांदा विचारावे की एकूण फेऱ्या किती केल्या आणि ती संख्या कधी ठरली.

मधेच बंद पडलेल्या फेऱ्यांबाबतही हेच. आज्ञावली बहुतेक वेळा टोकाच्या परिस्थितीतच कोलमडते, म्हणजे ज्या फेऱ्या गळतात त्या कदाचित सर्वांत तापलेल्या असतात. त्या वगळून ५९ ची भरती केली, तर नमुना यदृच्छ राहत नाही. अशी फेरी दुरुस्त करून त्याच किमतींनी पुन्हा चालवावी. ते जमले नाही, तर ती सर्वांत मोठी धरावी, आणि ९३ ची योजना असेल तर पहिल्या क्रमांकाची जागा तिने घेतली असे मानून उरलेल्यांतला सर्वांत मोठा आकडा मर्यादा म्हणून घ्यावा.