चंद्राच्या खात्यात पृथ्वीची गिरकी

जुलै 1969 मध्ये अपोलो-11 च्या अंतराळवीरांनी चंद्रावर एक चौकट ठेवली. तिच्यात काचेचे 100 लोलक बसवलेले आहेत आणि ते आलेला प्रकाश आल्या वाटेनेच परत पाठवतात. टेक्सास आणि न्यू मेक्सिकोतल्या वेधशाळांमधून तिकडे लेझरचे झोत सोडले गेले. प्रकाशाला जाऊन यायला सुमारे अडीच सेकंद लागतात. हा वेळ वर्षानुवर्षं मोजल्यावर कळलं, की चंद्र दरवर्षी सुमारे 3.8 सेंटिमीटर दूर सरकतोय.

त्याला दूर नेणारं बळ येतं कुठून? पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्यातून. पण किती गेलं आणि कुठे जमा झालं, हे पाहायचं तर आधी हिशेब नीट मांडायला हवा. हा हिशेब आहे कोनीय संवेगाचा. एखाद्या बिंदूभोवती वस्तू किती ‘फिरते आहे’ याचं हे माप. वस्तुमान, वेग आणि त्या बिंदूपासूनचं अंतर, तिन्ही त्यात येतात.

पृथ्वीचा प्रत्येक कण एकाच वेळी दोन गोष्टी करतो. तो सगळ्या पृथ्वीबरोबर पुढे सरकतो आणि पृथ्वीच्या केंद्राभोवती गिरकीही घेतो. त्यामुळे त्याचं स्थान आणि वेग, दोन्ही दोन-दोन तुकड्यांत लिहिता येतात: एक तुकडा वस्तुमानकेंद्राचा, दुसरा केंद्राच्या सापेक्ष. गुणाकार सोडवला की चार पदं मिळतात. त्यातली दोन सरळ आहेत, दोन मिश्र. वस्तुमानकेंद्राची व्याख्याच अशी, की तिथून मोजलेली अंतरं वस्तुमानाने गुणून बेरीज केली तर शून्य येते. वेगांचंही तेच. म्हणून मिश्र पदं आपोआप गळतात आणि एकूण कोनीय संवेगाची दोन स्वच्छ खाती उरतात, परिभ्रमणाचं आणि परिवलनाचं.

केंद्राऐवजी दुसरा एखादा बिंदू धरला, तर साधारणपणे मिश्र पदं मानगुटीवर बसतात. पृथ्वी-चंद्राच्या जोडीत हा घोळ सहज होतो, कारण चंद्र पृथ्वीच्या केंद्राभोवती फिरतो असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात दोघंही सामाईक वस्तुमानकेंद्राभोवती फिरतात. ते पृथ्वीच्या केंद्रापासून सुमारे 4,670 किलोमीटरवर, म्हणजे पृथ्वीच्या पोटातच आहे. पृथ्वी जागेवर खिळलेली मानली तर परिभ्रमणाचा आकडा सुमारे सव्वा टक्क्याने जास्त येतो.

सूर्याभोवतीची या जोडीची फेरी बाजूला ठेवून सामाईक केंद्राभोवतीचा हिशेब केला, तर 100 भागांपैकी सुमारे 83 परिभ्रमणात आणि 17 पृथ्वीच्या परिवलनात सापडतात. (दोन्ही अक्ष एकमेकांना तिरपे असल्याने ही बेरीज थोडी ढोबळ आहे.) चंद्राची स्वतःभोवतीची गिरकी इतकी मंद, की तिचा वाटा एका भागाच्या हजाराव्या हिश्श्याइतकाही भरत नाही.

एका खात्यातून दुसऱ्यात बदली होते ती भरतीमुळे. चंद्राच्या ओढीने पृथ्वीवर फुगवटा येतो. पृथ्वी चंद्रापेक्षा झपाट्याने फिरते आणि पाण्याला घर्षण आडवं येतं, त्यामुळे फुगवटा चंद्राच्या थोडा पुढे राहतो. चंद्र त्याला मागे खेचतो, तर फुगवटा चंद्राला पुढे ओढतो. पृथ्वीची गिरकी मंदावते, चंद्राची कक्षा मोठी होते. गंमत अशी, की पुढे ओढला जाऊनही चंद्राचा वेग कमीच होतो, कारण मोठ्या कक्षेत तो सावकाश फिरतो. ऊर्जेचं खातं मात्र जुळत नाही: पृथ्वीने गमावलेल्या ऊर्जेचा बराच भाग समुद्रात उष्णता होऊन जातो.

आता पडताळा. परिभ्रमणाचा कोनीय संवेग अंतराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. 3.8 सेंटिमीटरला 3,84,400 किलोमीटरने भागून निम्मं केलं, की त्या खात्याची वार्षिक वाढ मिळते: दर अब्जाला सुमारे 0.05 भाग. परिवलनाचं खातं त्याच्या जवळपास पाचव्या हिश्श्याएवढं असल्याने तिथली घट दर अब्जाला सुमारे 0.24 भाग होते. 86,400 सेकंदांच्या दिवसाला ती लावली तर शतकामागे दिवस सुमारे 2.1 मिलिसेकंदांनी लांबायला हवा. सूर्यामुळे येणारी भरती यात थोडी भर घालते.

पण बॅबिलोन आणि चीनमधल्या ग्रहणांच्या जुन्या नोंदी तपासल्या, तर वाढ शतकाला 1.8 मिलिसेकंदांच्या आसपास निघते. या तफावतीचं मुख्य कारण हिमयुगात आहे. ध्रुवांकडच्या प्रदेशांवरचा बर्फाचा भार वितळून गेला आणि तिथली जमीन अजून वर येते आहे. पृथ्वी किंचित अधिक गोल होते, तिचं वस्तुमान अक्षाच्या जवळ येतं आणि गिरकी जराशी वाढते. या खेपेला कोनीय संवेग कुठल्याच खात्यातून हललेला नसतो. बदलते ती फक्त पृथ्वीच्या आत वस्तुमानाची मांडणी.