पहिलीत जाण्याआधी शेंगदाणे मोजू या

पहिलीत दाखल होणाऱ्या मुलांसाठी जिल्हा परिषदेच्या शाळांत ‘पहिले पाऊल’ नावाचा शाळापूर्व तयारी मेळावा भरतो. मूल एकेका टेबलापाशी जातं, उड्या मारतं, चित्र पाहून बोलतं, वस्तू मोजतं आणि शिक्षक त्याच्या विकासपत्रावर नोंद करतात. घरी कोणते खेळ घ्यावेत हे आईला कळावं, एवढ्यासाठीच ही नोंद असते. पास-नापास काही नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या 13व्या कलमानुसार प्रवेशासाठी मुलाची चाचणी किंवा पालकांची मुलाखत कोणत्याच शाळेला घेता येत नाही. त्यामुळे घरीही हे सगळं खेळ म्हणूनच पाहा.

मोजण्याचंच घ्या. शंभरपर्यंत अंक घडाघडा म्हणणाऱ्या मुलापुढे सात शेंगदाणे ठेवा. बोट पुढे आणि तोंड मागे राहिलं, तर उत्तर कधी सहा येतं, कधी आठ. मोजून झाल्यावर विचारा, “मग किती आहेत?” मूल पुन्हा एकपासून सुरुवात करत असेल, तर शेवटी उच्चारलेला अंक म्हणजेच एकूण संख्या, हे त्याला अजून उमगलेलं नाही. आता तेच दाणे लांब लांब पसरा. “आता जास्त झाले,” असं काही मुलं ठामपणे सांगतात. या वयात हे होतंच, त्यात काळजीचं काही नाही. पाढे मात्र तूर्त बाजूला ठेवा. “प्रत्येकाच्या ताटात एक पोळी वाढ,” “डब्यातून पाच बटाटे आण,” अशी कामं रोज सांगा. संख्या मुलाच्या हाताला कळली की पाटीवरचा 5 नुसता आकार उरत नाही.

लिहिण्याचंही तसंच. बोटांत बळ नसताना ओळीच ओळी गिरवून घेतल्या, तर हात दुखतो आणि वही नकोशी होते. कणीक मळणं, वाटाणे सोलणं, कागद फाडून चिकटवणं ही पेन्सिलीचीच तयारी आहे. पहिलीच्या वर्गात मुळाक्षरं शिकवतातच. ती आधी यायला हवीत असं नाही.

मला अक्षरांपेक्षा महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. डब्याचं झाकण उघडता येणं, शू लागली हे बाईंना सांगता येणं, चड्डी स्वतः वर ओढता येणं. हे जमलं नाही तर मूल दिवसभर अवघडून बसतं आणि बाई काय शिकवतात तिकडे त्याचं लक्षच राहत नाही. शाळेतला डबा आठवडाभर घरीच उघडायला द्या.

एवढं सगळं सावकाश होऊ द्या. एका बाबतीत मात्र थांबू नका. मुलाचं बोलणं घराबाहेरच्यांना कळत नसेल, मागून हाक मारल्यावर ते वळत नसेल किंवा पुस्तक डोळ्यांच्या अगदी जवळ धरत असेल, तर शाळा सुरू होण्याआधी डॉक्टरांकडून त्याचे कान आणि डोळे तपासून घ्या.